हस्ते वामन

*मी फोंडा तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. गेली दोन वर्षे एक दीर्घकथा लिहिते आहे. तिच्यात निवेदक नाही, संवाद नाहीत. नोटिसा, पावत्या, दाखले आणि अर्ज असे तेवीस कागद एकामागून एक ठेवले आहेत. जुने घर विकायला काढलेल्या नातवाच्या हाती ते पडत जातात आणि शेवटी कळते की त्याचे आजोबा वामन यांना डिचोलीत एक मुलगी होती. शेवटचा कागद म्हणजे आजोबांचे पत्र. त्यात ते सगळे कबूल करतात. ज्यांनी कथा वाचली त्यांना कागद कंटाळवाणे वाटले, शिवाय गुपित निम्म्यातच कळले, असेही ते म्हणाले. पत्र ठेवू की काढू? आणखी एक. यांतले सात-आठ कागद आमच्या घरच्या ट्रंकेतले आहेत, नावे तेवढी बदलली. ते वापरायचा मला अधिकार आहे का, या विचाराने हात थांबतो.*

*— एक वाचक*

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. पत्रासोबत तुम्ही कागदांची यादी आणि त्यांतल्या सहा कागदांचा मजकूर पाठवलात, त्यामुळे उत्तर मोघम द्यावे लागणार नाही. माझी अनेक वर्षे जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरे करण्यात गेली आणि गोव्यातल्या कागदांवर अशी कथा कुणीतरी मराठीत लिहावी असे मला फार दिवस वाटत होते. तुमच्या कागदांतले आकडे आणि ठिकाणे मी इथे बदलली आहेत. तुम्हाला ती ओळखता येतील, इतरांना येऊ नयेत.

आजोबांचे पत्र काढून टाका. कागदांच्या कथेत लिहिणारा प्रत्येक जण आपले त्या दिवसाचे काम करत असतो. कारकून फी घेतो, मुख्याध्यापक दाखला देतो, नोटरी समोरच्याने सांगितले ते उतरवून घेतो. त्यांच्यापैकी कुणालाही ही कथा ठाऊक नसते; ती एकट्या वाचकाला दिसू लागते. तुमच्या पत्रात मात्र सगळे ठाऊक असलेला माणूस येऊन बोलायला लागतो आणि आधीचे बावीस कागद त्याच्या बोलण्याचे नुसते पुरावे होऊन बसतात. शिवाय तुमचा वामन असे पत्र लिहिणारा माणूस नाही. जो नऊ वर्षे मुलीची फी भरतो आणि पावतीवर पालकाच्या जागी एकदाही आपले नाव येऊ देत नाही, तो मरताना दोन पाने कबुली लिहून ट्रंकेत ठेवील, हे मला पटले नाही. तुम्हाला तरी पटते का, हे एकदा स्वतःलाच विचारून पाहा.

त्या पावत्यांकडे जरा जवळून पाहू या, कारण तुमच्या कथेतला सर्वांत मोलाचा ऐवज तोच आहे. खासगी मराठी शाळेची पावती. मुलीचे नाव, पालक म्हणून आईचे नाव, रक्कम आणि खाली ‘हस्ते वामन’. मराठी पावतीवरचा ‘हस्ते’ हा शब्द फार सोयीचा आहे. ज्याच्या हातून पैसे आले तो हस्ते; मग तो शेजारी असेल, गडी असेल किंवा बाजाराला निघालेला कुणी ओळखीचा असेल. देणे त्याचे असतेच असे नाही. त्यामुळे पहिली पावती वाचताना वाचक वामनला कुणीतरी परोपकारी गृहस्थ समजतो, दुसरी वाचताना थोडा थबकतो आणि तिसरीला त्याला समजते. इथे तुम्ही एक चूक केली आहे, ती सुधारलीत तर कथेला मोठा लाभ होईल. 1957 च्या पावतीवर तुम्ही एस्कुद लिहिले आहेत. त्या वर्षी गोव्यात पोर्तुगीज रुपया चालत होता, सोळा टांगांचा. एस्कुद आला तो 1958-59 च्या सुमारास, एका रुपयाला सहा एस्कुद या भावाने. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर पुढे भारतीय रुपया आला. म्हणजे तुमच्या मुलीची दोन रुपये फी 1960 च्या पावतीवर बारा एस्कुद होते आणि ती हायस्कुलात गेल्यावर 1963 च्या पावतीवर पुन्हा रुपये येतात. नऊ पावत्यांपैकी या तीनच ठेवा. नाणे दोनदा बदलले, वरचे राज्य बदलले आणि खालचे दोन शब्द तेच राहिले, हे वाचकाला कुणी सांगावे लागणार नाही.

आता गुपित निम्म्यात कळते या तक्रारीविषयी. ती तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून मुलगी आणखी लपवू नका. घराण्याच्या कागदांवरची कथा हाती घेतलेला वाचक तिसऱ्या-चौथ्या कागदापाशी कुठेतरी एक मूल असणार हे ताडतोच. तुम्ही असे धरून चालला आहात की मुलगी हेच गुपित आहे. तुमचेच कागद मात्र वेगळे सांगत आहेत. ती मुलगी होती हे गुपित नव्हे. ती आहे हे कुणाला, केव्हापासून ठाऊक होते, हे खरे गुपित. त्याचा दोरा तुमच्या यादीतल्या दोन कागदांमध्ये आहे आणि तुम्ही ते दोन्ही कागद सहज पुढे सरकवले आहेत.

पहिला कागद 1978 च्या एप्रिलमधल्या सक्सेशन डीडचा, म्हणजे नोटरीपुढे झालेल्या वारसाच्या दस्ताचा. तो तुम्ही अगदी नीट उतरवला आहे. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्यामुळे विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आजी त्या दस्तात अर्ध्या हिश्श्याची मालकीण, ‘मेएरा’, म्हणून येते आणि दोन मुलगे वारस म्हणून येतात. मग ते ठरीव वाक्य येते, जे गोव्याच्या राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत आपण शेकडो वेळा पाहिलेले असते. या वारसांखेरीज, कायद्याने ज्यांना अग्रहक्क मिळेल किंवा जे यांच्या जोडीने वारसा सांगू शकतील, असे दुसरे कोणीही नाही, असा त्याचा आशय असतो. हे वाक्य रोजच्या वापराने इतके गुळगुळीत झाले आहे की डोळा त्यावरून घसरतो. तुमच्या कथेत तेच वाक्य सर्वांत मोठे आहे, कारण ते सांगणारी माणसे ते खरे असल्याची जबाबदारी घेऊन सांगत असतात.

ते वाक्य खरे की खोटे, हे आधी तुम्हाला ठरवावे लागेल, आणि ते मुलीच्या जन्मनोंदीच्या समासावर अवलंबून आहे. विवाहाबाहेर झालेल्या मुलाला बापाने कायदेशीररीत्या आपले म्हटले, ज्याला पोर्तुगीजमध्ये पेर्फिल्यासांव म्हणतात, तर तशी टीप मुलाच्या जन्मनोंदीच्या समासात चढते. वामनने आपल्या मुलीला असे कधीच मानले नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने 1978 चा दस्त बिनचूक आहे. आजी आणि मुलगे खरे बोलले आणि अन्याय वामनचा एकट्याचा. त्याने मानले असेल आणि घरात सांगितले नसेल, तर घरच्यांनी भाबडेपणाने खोटे सांगितले. तिसरी शक्यता अशी की त्याने मानले होते आणि दस्त करताना घरातल्या कुणाला तरी ते ठाऊक होते. या तिन्हींत मुलगी तीच, पावत्या त्याच, पण कथा तीन वेगळ्या होतात. तुमच्या मसुद्यात हे मोकळे राहिले आहे, आणि वाचकांना जो कंटाळा आला तो बहुधा यातून आला. कागद वाढत जातात, पण कुणावर कसलाही भार चढत नाही.

दुसरा कागद तुमच्या यादीत सतरावा. नोंदणी कार्यालयाची फीची पावती, मार्च 1978 ची, अर्जदार थोरला मुलगा, तपशील ‘जन्मनोंद क्र. 214, सन 1951, तेओर प्रत’. तुम्ही ती आठवीतल्या दाखल्यानंतर, काळ उभा करण्यापुरती ठेवली आहे असे दिसते. जन्माचा साधा दाखला मागितला तर नाव, तारीख, आईबाप एवढेच मिळते. तेओर मागितली तर समासातल्या टिपांसह सगळी नोंद जशीच्या तशी मिळते, हे नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या कुणालाही ठाऊक असते. थोरल्या मुलाने तेओर मागितली, म्हणजे त्याला समास पाहायचा होता. ती पावती दस्ताच्या तीन आठवडे आधीची आहे. आणि 1951 हे तुमच्या शाळेच्या दाखल्यावर त्या मुलीचे जन्मवर्ष आहे.

या पावतीवर मुलीचे नाव नाही, फक्त नोंदीचा क्रमांक आहे, हे फार चांगले आहे. वाचक पहिल्यांदा ती पाहून पुढे जाईल. पुढे नातू 214 क्रमांकाची प्रत मागवील, ती हाती आल्यावर वाचक मागे जाऊन पावती शोधील, तिच्यावरचे अर्जदाराचे नाव पाहील आणि ते नातवाच्या वडिलांचे असेल. इथवर आल्यावर आजोबांच्या पत्राची गरज कुणालाच उरत नाही. गुपित एक पिढी खाली सरकलेले असते आणि घर विकायला निघालेल्या नातवाच्या दारात येऊन उभे राहते.

त्यासाठी क्रम मात्र बदलावा लागेल. तुम्ही कागद त्यांच्या तारखांप्रमाणे लावले आहेत, 1951 पासून आजपर्यंत, आणि म्हणून सगळे सरळ उलगडत जाते. प्रत्येक कागदाला दोन तारखा असतात, एक तो लिहिल्याची आणि दुसरी तो कुणीतरी मागवल्याची. कथा दुसऱ्या तारखेने लावा. पहिला कागद हवा तो खरेदीदाराच्या वकिलाची वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, अमुक घर आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावे, या नमुन्याची. मग वकिलाने नातवाकडे मागितलेल्या कागदांची यादी: जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बोजा नसल्याचा दाखला, सक्सेशन डीड. आता नातू कागद शोधतो ते कुतूहलाने नव्हे, नाइलाजाने, आणि प्रत्येक कागद का आला हे वाचकाला आपोआप कळते. गोव्यात सर्व वारसांच्या, आणि विवाहितांच्या बाबतीत त्यांच्या जोडीदारांच्याही, सह्या झाल्याखेरीज वडिलोपार्जित घर विकता येत नाही. त्यामुळे एखादा वारस राहून गेला असेल तर ते कधी ना कधी कुठल्यातरी वकिलाच्या टेबलावर निघतेच. म्हणूनच ही कथा इथल्या मातीत इतकी स्वाभाविक वाटते. एक-चौदाबाबत एवढेच सांभाळा की तो उतारा 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतरचा. तुमच्या आठव्या कागदात तो 1959 साली दिसतो; तिथे पोर्तुगीज काळातले जमीन नोंदणीचे कागद हवेत.

या गाळणीतून पाहिले तर तेवीसपैकी दहा-अकरा कागद उरतील. ज्या कागदाविषयी ‘हा कुणी, कशासाठी मागितला?’ याचे उत्तर देता येणार नाही, तो काढून ठेवा. देवस्थानच्या अभिषेकाच्या पावत्या तुम्हाला प्रिय आहेत असे दिसते, आणि त्यांची भाषा सुंदर आहेच. त्यांतली एक ठेवता येईल, जिच्यात मुलीच्या नावाने अभिषेक आहे आणि हस्ते पुन्हा तोच माणूस आहे. बाकीच्या पावत्या कथेचे काही काम करत नाहीत.

कंटाळ्याचे दुसरे कारण भाषेत आहे. 1961 पूर्वीचे सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये होते, त्यानंतरचे बहुतेक इंग्रजीत, आणि तुम्ही हे सगळे एकाच संथ सरकारी मराठीत आणले आहे. वाचकाला नोटरी, नोंदणी अधिकारी आणि शाळेचा लेखनिक यांच्यात फरकच ऐकू येत नाही. तुमच्या कथेत मुळातून मराठी असलेले कागद दोनच प्रकारचे आहेत, शाळेचे आणि देवस्थानचे; ते त्यांच्या जुन्या वळणासह तसेच राहू द्या. पोर्तुगीज कागद मात्र भाषांतर म्हणून द्या, म्हणजे वर ‘पोर्तुगीजवरून भाषांतर’ आणि खाली भाषांतरकाराची सही. त्या भाषांतरकाराला ‘इथे अक्षर लागत नाही’, ‘समासातील टीप वेगळ्या शाईत’ असे कंस लिहावे लागतात. आम्ही ते रोज लिहीत आलो. 214 क्रमांकाच्या नोंदीच्या भाषांतरात असा एखादा कंस नेमक्या जागी आला, तर तो तुमच्या पत्राच्या दोन पानांहून जास्त बोलेल.

नावांचेही तसेच. पोर्तुगीज कागदावर वामन हा वामोना होतो, प्रभू हा पोरोबो होतो, आणि मुक्तीनंतरच्या इंग्रजी कागदावर तोच माणूस पुन्हा निराळ्या स्पेलिंगने येतो. तुम्ही सगळीकडे एकच नाव ठेवले आहे. ते बदलू द्या. एकाच माणसाची दोन नावे एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करण्यासाठी लोकांना आजही प्रतिज्ञापत्र करावे लागते. तसे एक प्रतिज्ञापत्र नातवाच्या हातून करून घेतलेत, तर ‘हस्ते वामन’मधला वामन आणि समासातला वामोना एकच आहेत, हे त्याला स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागेल. ती सही करणे त्याला किती जड जाईल हे वाचकाला समजेल.

दस्तातली ठरीव वाक्ये एकदाच पूर्ण द्या. दुसऱ्यांदा येतील तेव्हा दोन ओळींवर थांबा. ‘दुसरे कोणीही नाही’ हे वाक्य मात्र दोन्ही वेळा पूर्ण असू द्या.

राहिला अधिकाराचा प्रश्न. ट्रंकेतले कागद दोन जातींचे आहेत आणि त्यांना एकच नियम लावू नका. नोंदणी पुस्तकातली नोंद, राजपत्रात आलेला दस्त, वर्तमानपत्रातली नोटीस हे मुळातच लोकांपुढे ठेवलेले कागद आहेत. शाळेच्या पावत्या तशा नाहीत. त्या एका आईने किंवा एका बापाने जपून ठेवलेल्या खासगी चिठ्ठ्या आहेत. सार्वजनिक कागदांचा नमुना तुम्ही निःशंकपणे घ्या, पण नोंद क्रमांक, सर्व्हे क्रमांक, गाव आणि तारखा नव्याने रचा. नुसती नावे बदलणे पुरत नाही, कारण आपल्याकडे सर्व्हे क्रमांकावरून घर ओळखणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. खासगी पावत्या जशाच्या तशा वापरायच्या असतील तर ज्यांच्या त्या आहेत, त्यांना किंवा त्यांच्या मुलांना आधी दाखवा. त्यांनी नको म्हटले, तर तशाच वळणाची पावती तुम्ही स्वतः लिहू शकता. ती लिहिण्याइतका तुमचा हात नक्की बसलेला आहे.

आता जे लिहितो ते थोडे अडखळत लिहितो आहे. सतरावा कागद तुम्ही रचलात की तो ट्रंकेतून आला, हे तुमच्या यादीवरून कळत नाही. ती पावती इतकी सहज, कुठलाही गाजावाजा न करता मध्येच ठेवलेली आहे की रचलेली वाटत नाही. तुम्ही ती रचली असेल, तर वरचे सगळे कथेपुरते समजा आणि लिहायला बसा. ती ट्रंकेतली असेल, तर कथा काही दिवस बाजूला ठेवा आणि पावतीवरच्या मूळ क्रमांकाची तेओर प्रत स्वतः मागवून घ्या. त्या तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात नोंद क्रमांक आणि वर्ष देऊन अर्ज करता येतो. जुनी पुस्तके तिथे नसतील तर पणजीला पुराभिलेख खात्यात चौकशी करा. कदाचित त्या क्रमांकावर तुमच्याच घरातल्या कुणाची साधी नोंद निघेल आणि हा विषय तिथेच संपेल.

समासात टीप निघाली, तर आधी वारसाची कामे पाहणाऱ्या वकिलाला ती प्रत आणि घरातला सक्सेशन डीड एकत्र दाखवा. 2012 चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा आता लागू आहे. राहून गेलेल्या वारसाचा हिस्सा किती, मुदतींचे काय, घराचा व्यवहार झालेला असेल तर पुढे काय, हे तो त्या दोन कागदांवरून सांगू शकेल. मी सांगू नये. पण त्याच्या उत्तराची वाट न पाहता एक गोष्ट तुम्हाला करता येईल. 1951 साली जन्मलेली व्यक्ती आज सत्तरी ओलांडलेली आहे. ती हयात असेल, तर हे तिला छापील पानावरून कळण्याआधी कुणीतरी तिच्या घरी जाऊन सांगायला हवे. जाताना फीच्या तीन पावत्या बरोबर न्या.